वजन ४५, नाडी ४४ : किशोरवयीन अॅनोरेक्सियाची तपासणी आणि भरतीचा निर्णय

बालरोग ओपीडीत नव्याने बसू लागलेल्या डॉक्टरांसाठी हे लिहितोय. अॅनोरेक्सिया म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हाडांचा सापळा येतो. तसं मूल आलं तर कुणीही भरती करेल, त्याला मार्गदर्शन लागत नाही. चुकतं ते दिसायला ‘ठीक’ असलेल्या मुलीच्या बाबतीत. मीही चुकलोय. वीसेक वर्षांपूर्वी अशाच एका मुलीला मी लोहाच्या गोळ्या आणि ‘नीट जेवत जा’ एवढं सांगून घरी पाठवलं होतं. चार दिवसांनी ती शाळेत चक्कर येऊन पडली, दुसऱ्या एका रुग्णालयात गेली, आणि तिच्या नाडीचा आकडा मला तिथल्या सहकाऱ्याकडून फोनवर कळला. मी ती मोजलीच नव्हती. केसपेपरवर ‘व्हायटल्स स्टेबल’ असं लिहिलं होतं, ते अक्षर माझंच.

म्हणून इथे एकच केस पूर्ण उलगडतो. ती दोन-तीन मुलींची मिळून एक केली आहे. वय १५ वर्षं, दहावीचं वर्ष. आई घेऊन आली ती पाळी चुकल्याची तक्रार घेऊन. चार महिने पाळी नाही, पोट फुगतं, जेवलं की मळमळतं. तीन डॉक्टर झालेले, सोनोग्राफी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. आई म्हणाली, “अहो डॉक्टर, रिपोर्ट तर सगळे नॉर्मल आलेत. बारीक झालीय, पण आधी जाडच होती ना, त्यामुळे बरंच वाटलं आम्हाला.”

हे शेवटचं वाक्य कान देऊन ऐका.

पायरी १ : आधीचं वजन शोधा

आजचं वजन ४५ किलो, उंची १६० सेंटिमीटर. बीएमआय १७.६. आयएपीच्या तक्त्यावर ठिपका टाकला तर तो तिसऱ्या पर्सेंटाइलच्या बराच वर पडतो, आणि बहुतेक जण इथेच वही मिटतात.

आपल्याला लागतो तो आकडा वेगळा. त्या वयाचा मधला बीएमआय घ्यायचा आणि मुलीचा बीएमआय त्याच्या किती टक्के आहे ते काढायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात १५ वर्षांच्या मुलीचा मधला बीएमआय २०.२ आहे. १७.६ भागिले २०.२ म्हणजे ८७ टक्के. ब्रिटिश मार्गदर्शनात ७० टक्क्यांखाली लाल, ७० ते ८० पिवळा, ८० च्या वर हिरवा असा हिशोब आहे. अमेरिकेत भरतीची रेषा साधारण ७५ टक्क्यांवर धरतात. दोन्ही हिशोबांनी ही मुलगी सुरक्षित.

आता आईला विचारा : शाळेचं आरोग्य कार्ड आहे का? नाहीतर मागच्या दिवाळीचा फोटो, जुन्या युनिफॉर्मचं माप, कुठल्याही डॉक्टरची जुनी चिठ्ठी. आमच्या केसमध्ये सहा महिन्यांपूर्वीच्या एका त्वचारोगाच्या चिठ्ठीवर वजन ६४ लिहिलेलं सापडलं. म्हणजे सहा महिन्यांत १९ किलो, मूळ वजनाच्या जवळजवळ ३० टक्के. आयसीडी-११ मध्ये नेमकी याच मुलींसाठी सोय आहे : बाकीची लक्षणं जुळत असतील तर सहा महिन्यांत २० टक्क्यांहून जास्त वजन उतरणं हे ‘कमी वजना’च्या जागी धरता येतं. डीएसएममध्ये याच चित्राला ‘अॅटिपिकल’ म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही, कारण तो ऐकून निवासी डॉक्टर सैलावतात. हृदयाला चार्टवरचा ठिपका कळत नाही. उपासमार किती आणि किती वेगाने झाली, एवढंच त्याला कळतं.

वेगही वेगळा लिहा. कुपोषित मुलात सलग दोन आठवडे आठवड्याला एक किलो किंवा जास्त उतरत असेल तर ते लाल चिन्ह आहे. या मुलीच्या घरी काटा होता, ती रोज तीनदा त्यावर चढत होती, आणि आकडे वहीत होते. शेवटच्या पंधरवड्यात अडीच किलो.

वजन करताना एक पथ्य पाळा. लघवी करून, पातळ गाऊनवर, रिकाम्या हातांनी. भरतीच्या भीतीने मुलं पाणी पिऊन येतात. शंका असेल तर त्याच लघवीचं विशिष्ट गुरुत्व बघा. १.००५ च्या खाली असेल तर वजनाच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका आणि सोडियम तपासा.

पायरी २ : नाडी, झोपवून आणि उभं करून

ही पायरी मी कुणालाही गाळू देत नाही. मुलीला टेबलावर पाच मिनिटं आडवी निजवा. बोलणं बंद. मग स्टेथोस्कोप लावून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, आणि बोटाला ऑक्सिमीटर लावून मोकळं व्हायचं नाही. या मुलींची बोटं गार आणि निळसर असतात, तिथे यंत्र काहीही दाखवतं. रक्तदाब घ्या. मग उभं करा, दोन मिनिटं उभं राहू द्या, आणि दोन्ही पुन्हा घ्या. चक्कर येतेय का ते विचारत राहा आणि हात धरायला कुणीतरी शेजारी ठेवा.

आमच्या मुलीचे आकडे असे होते. निजलेली : नाडी ४४, रक्तदाब १००/६२. उभी : नाडी ८६, रक्तदाब ८६/५८. काखेतलं तापमान ३५.८ अंश सेल्सिअस.

इथे वडील म्हणाले, “ती रोज धावते डॉक्टर, अॅथलीटचे ठोके कमीच असतात ना?” प्रश्न रास्त आहे आणि तो तुम्हाला दर महिन्याला ऐकायला मिळेल. उत्तर उभं केल्यावर मिळतं. कसलेल्या धावपटूचे ठोके निजल्यावर कमी असतात, पण उभं राहिल्यावर ते थोडेच वाढतात, कारण हृदय एका ठोक्यात भरपूर रक्त फेकतं. उपाशी हृदयाचा स्नायू झिजलेला असतो. निजल्यावर शरीर ऊर्जा वाचवायला गाडी मंद ठेवतं, आणि उभं राहताच एका ठोक्यात पुरेसं रक्त जात नाही म्हणून ठोके धावत सुटतात. इथे ते ४२ ने वाढले. एवढी उडी व्यायामाच्या खात्यावर टाकता येत नाही.

भरतीच्या रेषा लक्षात ठेवायला सोप्या आहेत. अमेरिकन किशोरवैद्यक संघटनेच्या निकषांत जागेपणी नाडी ५० च्या खाली किंवा झोपेत ४५ च्या खाली, रक्तदाब ९०/४५ च्या खाली, तापमान ३५.६ च्या खाली, आणि उभं राहिल्यावर किशोरवयात नाडी ४० हून अधिक वाढून तशीच टिकणं किंवा वरचा रक्तदाब २० हून अधिक उतरणं, यांतलं काहीही एक असेल तर भरतीचा विचार करतात. ब्रिटिश मार्गदर्शन जास्त सबुरीचं : जागेपणी ४० च्या खाली लाल, ४० ते ५० पिवळा. पण ते असंही सांगतं की एका आकड्याने निर्णय करू नका, पिवळे किती जमलेत ते बघा. मी स्वतः ५० च्या खालची नाडी आणि वेगाने उतरणारं वजन एकत्र दिसलं की थांबत नाही. झोपेत ती आणखी खाली जाते, आणि घरी रात्री दोन वाजता नाडी कुणी मोजत नसतं.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. खूप कुपोषित मुलीची नाडी ९०-१०० असेल तर ‘चला, बरी आहे’ असं समजू नका. तिची ४५ असायला हवी होती. संसर्ग, निर्जलीकरण, थायरॉइडचा अतिरेक यांपैकी काहीतरी आत चाललेलं असू शकतं, आणि ताप चढायचीही ताकद शरीरात उरलेली नसते.

याच टेबलाजवळ ताकदीची चाचणी उरकून घ्या. हात न वापरता आडव्यातून उठून बसायचं, मग उकिडवं बसून हात न टेकता उभं राहायचं. जमलंच नाही किंवा हातांचा आधार घ्यावाच लागला तर लाल. आपल्याकडच्या मुलींना उकिडवं बसायची सवय असते, त्यामुळे चाचणी पास झाली म्हणून फार हुरळू नका. नापास झाली तर मात्र ती गंभीरपणे घ्या.

पायरी ३ : एकटीशी बोला, मग आईवडिलांशी

मुलीला “तू का खात नाहीस?” असं विचारलंत तर “मी खाते ना!” हेच उत्तर मिळेल. त्यापेक्षा कालचा दिवस विचारा. सकाळी उठल्यावर काय, डब्यात काय होतं, त्यातलं किती उरलं, संध्याकाळी काय. आमच्या मुलीचा काल असा होता : सकाळी काळा चहा बिनसाखरेचा, डबा मैत्रिणीला, संध्याकाळी काकडी, रात्री अर्धा फुलका आणि वाटीभर दुधीचं सूप. असं दहा दिवसांपासून. दिवसाला ५०० कॅलरींच्या खाली दोन दिवस किंवा जास्त गेले तर तेही लाल चिन्ह आहे. पाणीही बंद केलं असेल तर त्या क्षणी चर्चा संपवा आणि भरती करा.

आपल्याकडे उपास हा उत्तम आडोसा असतो. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, मग श्रावण, मग नवरात्र. घरचे कौतुक करतात. विचारायचं एवढंच : उपास सोडताना काय खाते? साबुदाण्याची खिचडी नको, वऱ्याचे तांदूळ नकोत, फक्त ताक, असं असेल तर तो उपास देवासाठी नाही. दुसरी खूण, घरात स्वयंपाक तीच करू लागली आहे, सगळ्यांना आग्रहाने वाढते आणि स्वतःचं ताट शेवटी घेते.

‘जाड व्हायची भीती वाटते का?’ याला नाही म्हणणाऱ्या मुली आपल्याकडे कमी नाहीत. पोट फुगतं, घशाखाली उतरत नाही, एवढंच सांगतात. म्हणून निदान टाकून देऊ नका. “तुला आजपासून रोज दोन पोळ्या जास्त आणि एक ग्लास दूध, चालेल?” असं म्हणा आणि चेहरा बघा. आमची मुलगी रडायला लागली.

उलटी करते का, जुलाबाची गोळी घेते का, किती वेळ व्यायाम करते, दार लावून करते का, हे सरळ शब्दांत विचारा. हाताच्या बोटांच्या सांध्यांवर घट्टे, गालाच्या कोपऱ्यात सुजलेल्या ग्रंथी, झिजलेले दात बघा. आणि स्वतःला इजा करण्याचा, मरण्याचा विचार येतो का, हेही सरळच विचारा. विचारल्याने तो विचार मनात भरत नाही. उत्तर होय आलं आणि त्यामागे बेत असेल तर शरीराचे आकडे कसेही असोत, ती घरी जात नाही.

पायरी ४ : तपासण्या, आणि नॉर्मल रिपोर्टची गोष्ट

पाठवायच्या त्या एवढ्याच : रक्तगणना, ईएसआर, साखर, सोडियम, पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या, ईसीजी. लघवीतली गर्भधारणा चाचणी पाळी चुकलेल्या कुठल्याही मुलीत, कुजबुज न करता.

आमच्या मुलीचं पोटॅशियम ३.९, फॉस्फेट ३.६, साखर ६८. म्हणजे आई म्हणत होती ते खरंच, रिपोर्ट नॉर्मल. उपाशी शरीर रक्तातले क्षार शेवटपर्यंत सांभाळतं. पेशींमधला साठा रिता होत असतो आणि रक्तातला आकडा जागेवर असतो. त्यामुळे बिघडलेला रिपोर्ट धोका सांगतो, पण नॉर्मल रिपोर्ट सुरक्षितता सांगत नाही. पोटॅशियम कमी आणि बायकार्बोनेट जास्त दिसलं तर चोरून उलट्या चालल्या आहेत असं आधी धरा.

ईएसआर स्वस्त आहे आणि इथे फार उपयोगी. अॅनोरेक्सियात तो सहसा नॉर्मल किंवा कमीच असतो. वजन उतरलेल्या मुलीत ईएसआर ६० आला तर क्षयरोग, आतड्याचा दाह यांच्या मागे लागा. तसंच सकाळची डोकेदुखी, धूसर दृष्टी, खूप तहान असेल तर मेंदूचा एमआरआय. अशा वेळी ‘मानसिक आहे’ हा शिक्का घाईने मारला तर तो पुसायला महिने जातात.

ईसीजीवर यंत्राने छापलेला क्यूटीसी तसाच उतरवून घेऊ नका. यंत्रं बहुधा बॅझेटचं सूत्र वापरतात आणि ते मंद नाडीत क्यूटीसी आहे त्यापेक्षा कमी दाखवतं. हाताने मोजा, फ्रिडरिशियाच्या सूत्रानेही काढा. १८ वर्षांखालच्या मुलींत ४६० आणि मुलग्यांत ४५० मिलिसेकंदांच्या वर गेला तर लाल. आणि औषधांची पिशवी उघडून बघा. आमच्या मुलीला ‘गॅस’साठी पँटोप्रॅझोल-डॉम्पेरिडोनची जोडगोळी तीन आठवडे चालू होती. डॉम्पेरिडोनने क्यूटी लांबतो. मळमळीवर ऑनडान्सेट्रॉन, घसा बसला म्हणून अॅझिथ्रोमायसिन, हे सगळे त्याच माळेचे मणी. ती गोळी आम्ही त्याच मिनिटाला बंद केली.

पायरी ५ : निर्णय लिहा

केसपेपरवर मी तीन ओळी लिहायला लावतो. या मुलीच्या अशा होत्या :

“सहा महिन्यांत ३० टक्के वजनघट, शेवटचे दोन आठवडे आठवड्याला सव्वा किलो. जागेपणी नाडी ४४, उभ्याने ८६, उभ्याने वरचा दाब ८६. दहा दिवस ५०० कॅलरींच्या खाली. बीएमआय मधल्याच्या ८७ टक्के, रक्त नॉर्मल. भरती.”

शेवटून दुसरं वाक्य मुद्दाम लिहायचं. रात्रीचा डॉक्टर किंवा सल्ला द्यायला आलेले वरिष्ठ ‘अहो, बीएमआय तर ठीक आहे’ म्हणतील, तेव्हा हे बघून आणि तोलूनच भरती केली आहे, हे कागदावर असावं.

आकडे काठावर असतील, मूल खायला तयार असेल, घरी जेवायला समोर बसणारं माणूस असेल आणि दोन-तीन दिवसांत परत बघता येत असेल, तर घरी ठेवून उपचार हाच चांगला मार्ग आहे. कुटुंबाला हाताशी धरून केलेला उपचार किशोरवयात सर्वांत जास्त लागू पडतो. गाव चार तास दूर असेल आणि तिथे ईसीजी निघत नसेल, तर तोच काठ मी भरतीच्या बाजूला धरतो. घरी प्रयत्न करून वजन उतरतच राहिलं तर तोही भरतीचा निकष आहे.

भरती बालरोग वॉर्डात, मॉनिटर असलेल्या खाटेवर, पालकांच्या संमतीने. मानसोपचारतज्ज्ञ पहिल्या दिवसापासून सोबत हवेत, पण नाडी ४४ असताना मुलीला थेट मनोरुग्णालयात धाडायचं नसतं. पुढे मानसिक आरोग्य संस्थेत न्यायची वेळ आलीच तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात अल्पवयीनांसाठी कलम ८७ आहे : पालकांचा अर्ज, दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी, आणि मुलांची सोय मोठ्यांपासून वेगळी.

पहिली रात्र

भरती झाली की नातेवाईक पहिलं वाक्य म्हणतात, “सलाईन लावा ना डॉक्टर, अशक्तपणा आलाय.” लावू नका. झिजलेल्या हृदयावर भराभर सोडलेली बाटली फुप्फुसात पाणी करते. आणि डेक्स्ट्रोज असेल तर इन्सुलिन उसळतं, त्याबरोबर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं. यालाच रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. भरतीच्या वेळी नॉर्मल असलेलं फॉस्फेट खाणं सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत घसरतं. साखर खरोखरच खाली गेली असेल तेव्हा ग्लुकोज द्यावंच लागतं, पण आधी किंवा सोबत थायमिन देऊन आणि क्षारांवर डोळा ठेवून.

तोंडाने खाणं, तेही त्याच संध्याकाळी. पूर्वी ५००-८०० कॅलरींपासून भीतभीत चढवत असत, त्यात पहिल्या आठवड्यात मुलींचं वजन आणखी उतरायचं. आता बहुतेकांना १४०० ते २००० कॅलरींपासून सुरुवात करतात आणि रोज दोनशेच्या आसपास वाढवतात. अगदी टोकाचं कुपोषण किंवा आधीच बिघडलेले क्षार असतील तर कमीपासून. थायमिन पहिल्या घासाआधी. फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पहिले चार-पाच दिवस रोज. तुमच्या प्रयोगशाळेत फॉस्फेट रविवारी होत नसेल तर हे शुक्रवारीच विचारून ठेवा. आमच्याकडे एकदा असंच कळलं, रविवारी.

आमच्या मुलीला संध्याकाळी सात वाजता वरण-भात, तूप, वाटीभर दही दिलं. आई शेजारी बसली. पंचेचाळीस मिनिटं लागली, त्यातली वीस रडण्यात गेली. रात्री तीन वाजता मॉनिटर वाजला : झोपेत नाडी ३६. लय नियमित होती, ईसीजी पुन्हा काढला, क्यूटीसी ठीक. तिला उठवलं नाही, औषध दिलं नाही. खोलीतला पंखा कमी केला, आणखी एक पांघरूण घातलं. अॅट्रोपिनची सिरिंज भरायला धावलेल्या निवासी डॉक्टरला थांबवावं लागलं. मंद नाडीचा उपचार अन्न हाच असतो.

तिसऱ्या सकाळी फॉस्फेट ३.६ वरून २.४ वर आलं. तोंडाने फॉस्फेट सुरू केलं, जेवण कमी केलं नाही. सहाव्या दिवशी ते ३.४ झालं. झोपेतली नाडी ४५ च्या वर टिकायला अकरा दिवस लागले, आणि उभं राहिल्यावरची उडी २० च्या आत यायला त्याहूनही जास्त. तोवर ती शौचालयात जाताना सोबत सिस्टर असायच्या.